दाराचं कोपर

तिचं घरचं नाव टिपकागद. ठेवलं बाबांनी. शाई सांडली की टिपकागद जसा ती गपकन पिऊन टाकतो, तशी ही पोर कुणी काही बोललं की ते पिऊन बसते, असं त्यांचं म्हणणं. "हिच्यासमोर बोलताना जपून हं," ते गिऱ्हाइकांना सांगायचे, "तुम्ही खुर्ची सांगायला याल आणि कवितेत जाऊन बसाल."

बाबा सुतार. खाली कारखाना, वर घर. टिपकागद पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला. दिवसभर बाटल्या, नळ्या, आकडे. तिथे एक गोष्ट अंगात भिनलेली: जे दिसलं ते त्याच क्षणी लिही, कुठे दिसलं ते लिही, आणि स्वतःची अक्कल वेगळ्या रकान्यात ठेव. कवितेची वहीही ती अशीच ठेवायची, आणि त्यात कुणाला काही गंमत वाटली तर खुशाल वाटो.

पद्धत अशी. खिशात बाटल्यांना चिकटवायच्या कागदाच्या उरलेल्या पट्ट्या आणि बोटभर पेन्सिल. पेन्सिलच, कारण ओल्या हातांनी शाई फुटते. कानावर काही पडलं की पुढचं वाक्य ऐकायच्या आत लिहायचं. उशीर झाला की समोरच्याच्या बोलण्यात आपलं बोलणं मिसळतं आणि मग कुठलं कुणाचं ते ब्रह्मदेवालाही कळत नाही. व्याकरण सुधारायचं नाही. खाली बारीक अक्षरात दिवस, वेळ, जागा, कोण, काय करता करता. चांगलं की वाईट हे तिथल्या तिथे ठरवायचं नाही. वेचताना निवडायचं नाही, निवडताना वेचायचं नाही. संध्याकाळी चहा घेता घेता त्या दिवसाच्या पट्ट्या पसरायच्या आणि ज्या ओळीत काहीतरी हलतंय असं वाटेल, ती वहीच्या उजव्या पानावर उतरवायची. डावं पान कोरं. तीन महिने तरी ते कोरंच राहायचं. ओळ मुरली, तिला तिची दुसरी अर्धी ओळ भेटली, की ती डावीकडे लिहायची. कवितेत वापरली की समासात लाल ठिपका, म्हणजे तीच ओळ दोनदा खर्ची पडत नाही.

उरलेल्या पट्ट्या ती बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. "करवत दे." "कुलूप लावलंस का?" असल्या सरळसोट ओळी. फेकून का देत नाहीस, असं आईने एकदा विचारलं, तर बाबाच रंधा मारता मारता म्हणाले होते, "भुसा फेकायचा नसतो. सरसात कालवला की भेग बुजवायला तोच लागतो." तेव्हापासून त्या डब्याचं नाव भुशाचा डबा.

तर अशी चार वर्षं गेली. पाच वह्या भरल्या. एका छोट्या मासिकाच्या संपादकांनी तिच्या अकरा कविता एकत्र छापायचं कबूल केलं. त्यांनी एकच गोष्ट मागितली. "तुमच्या कवितांमध्ये लोक बोलतात," त्यांनी लिहिलं होतं. "कुठली ओळ कुणाकडून आली, याचं अर्ध्या पानाचं टिपण द्या. वाचकांना आवडेल."

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती पाचही वह्या घेऊन बसली. एरवी ती वर्षातून एकदा सूची करायची, पण विषयांप्रमाणे: पाणी, दारं, हात, भीती. बोलणाऱ्या माणसाप्रमाणे तिने कधी लावलीच नव्हती. आता प्रत्येकाच्या नावाने एकेक कागद घेतला आणि ओळी उतरवू लागली. बाकावर बसून फोनवर बोलणारी बाई: "रागावले नाहीये, नुसती दिवा मालवून बसलेय." न्हावी: "मान सैल सोडा, डोकं काही घरी नेणार नाही मी." प्रयोगशाळेतला सोबती, बाटली उजेडाकडे धरून: "आजचं पाणी खोटं बोलतंय." आई, सुईत दोरा ओवताना: "डोळ्यांना सांगून ठेवलंय, एवढं वर्ष ओढा."

आणि बाबा. बाबांचा कागद भरला. दुसरा घेतला, तोही भरला. तिला अभिमानच वाटला. काय एकेक ओळी! बिजागरीला बाबा म्हणाले होते, "दाराचं कोपर". रंध्याला, "लाकडावर चालणारी होडी". गुण्याला, म्हणजे सुतार ज्याने काटकोन तपासतात त्या हत्याराला, "काटकोनाची शपथ". तिच्या अकरा कवितांपैकी सात बाबांच्या ओळींवर उभ्या होत्या. आपला बाप आपल्यापेक्षा मोठा कवी आहे, असं टिपणात लिहायचं तिने मनाशी ठरवूनही टाकलं.

मग सवयीने तिने तारखा लावल्या.

पहिल्या पावणेतीन वर्षांत मिळून बाबांच्या ओळी पाच. त्यानंतर महिन्याला एक. मग दोन. मग तीन, पाच, सहा, नऊ. मागच्या महिन्यात एकोणीस.

तिची पेन्सिल थांबली.

शिक्षण असं की पहिला संशय स्वतःवर घ्यायचा. मीच बाबांचं जास्त ऐकायला लागले असेन. म्हणून तिने आईचे आकडे काढले: महिन्याला दोन-तीन, चारही वर्षं तेवढेच. सोबत्याचे काढले: तेवढेच. कान तोच, पट्ट्या त्याच, वही तीच. वाढत होते ते फक्त बाबा. तिने चौकटीच्या कागदावर ठिपके मांडले आणि जोडले. रेघ आधी जमिनीलगत सरपटत होती, मग उठली, मग चढतच गेली. दूषित पाण्याची बशी उबेला ठेवली की जंतूंची रेघ अशी चढते. शेकडो वेळा काढलेली रेघ. ती बघून तिला आजवर कधी घाम फुटला नव्हता.

अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस असा पायरी-पायरीने कवी होत नाही.

तिने भुशाचा डबा पालथा केला. एकदा वहीत गेलेली ओळ पुन्हा ऐकू आली तर ती पट्टी डब्यात जायची. पुनरुक्ती म्हणून तिने कधी लक्ष दिलं नव्हतं. "दाराचं कोपर" सात वेळा निघालं. शब्दाला शब्द तेच. खेळ म्हणून बोलणारा माणूस एकच गंमत सात वेळा करत नाही. मग तिने ओळी कोणत्या वस्तूंच्या आहेत ते क्रमाने लावलं. आधी गुण्या. मग बिजागरी. मग रंधा, कानस. मग शिडी, मग उशी. गेल्याच आठवड्यात, जेवताना, आईकडे हात पुढे करून: "ते दे ना, वाटीतलं वल्हं."

चमचा. बाबांना चमचा हा शब्द सापडला नव्हता. आणि तिने खरकट्या हाताने खिशातून पेन्सिल काढली होती.

काहीतरी कारखान्यातून जिना चढून स्वयंपाकघरात आलं होतं, आणि तिने त्याची पावलं एकेक करून सुवाच्य अक्षरात लिहून ठेवली होती.

ती खाली गेली. बाबा एका कपाटाचं दार बसवत होते. फळीवर पितळी बिजागऱ्या पडल्या होत्या. तिने एक उचलली.

"बाबा, हे काय आहे?"

बाबांनी पाहिलं, हसले, आणि तिच्या खिशाकडे बोट केलं. "दाराचं कोपर. लिहून घे की."

"लिहिलंय. त्याचं नाव सांगा."

"हेच नाव."

"हे तुम्ही ठेवलेलं. दुकानात गेल्यावर काय मागता?"

बाबांचं हसू जागच्या जागी राहिलं, पण त्यातून हसणं निघून गेलं. त्यांनी तिच्या हातातून बिजागरी घेतली. उघडली, मिटली. उघडली. चाळीस वर्षं त्यांनी हजारो बसवल्या होत्या. ओठ हलले, एकदा "बि" असं काहीतरी झालं आणि विझलं.

"बोट दाखवतो," ते शेवटी म्हणाले. "दुकानात मी बोट दाखवतो."

वर जाऊन तिने आईला सांगितलं, तर आईने आधी तिचं ऐकलंच नाही. "काहीतरीच तुझं! वयाने होतं असं. मीसुद्धा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते."

"तू चष्मा शोधतेस, आई. 'चष्मा' नाही शोधत."

आई पदराशी चाळा करत हळूच म्हणाली, "मीच पुरवते त्यांना शब्द. ते 'ते, ते' म्हणाले की मी देते हातात. एवढी वर्षं झाली संसाराला, न बोलता कळतं, असं वाटलं गं. मला आपलं बरं वाटत होतं."

एकीला ते प्रेम वाटलं होतं, एकीला कविता.

मेंदूच्या डॉक्टर मध्यम वयाच्या, तुटक बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला. "कधीपासून?"

"दोनेक महिने," आई म्हणाली.

"एकदम की हळूहळू?"

आईने बाबांकडे पाहिलं, बाबांनी छताकडे. टिपकागदाने पिशवीतून पाच वह्या आणि चौकटीचा कागद काढून टेबलावर ठेवला. "पंधरा महिने," ती म्हणाली. "हळूहळू. हा पहिला दिवस. निदान मला सापडलेला पहिला."

डॉक्टरांनी कागद घेतला. मग वही उघडली आणि बोट फिरवत वाचू लागल्या.

"हे कशासाठी लिहिलंत?"

तिला उत्तर देताना लाज वाटली. "कवितेसाठी."

"हं." पुन्हा पानं. एका ओळीवर बोट थांबलं. "ही ओळ समजावून सांगा. 'न पेटलेल्या शेगडीवर सरस जळतोय.'"

"सरस पाण्यात ठेवून गरम करतात, बाबांच्या कारखान्यात. त्या दिवशी वर घरात ते एकदम थांबले आणि म्हणाले, सरस जळतोय बघ. मी खाली जाऊन पाहिलं तर शेगडी गार होती. 'न पेटलेल्या शेगडीवर' हे माझं, नंतर जोडलेलं. मला वाटलं... चांगली ओळ आहे."

"किती वेळा झालं असं?"

"वहीत एकदा. डब्यात तीन." तिने पट्ट्या पुढे केल्या. प्रत्येकीवर दिवस, वेळ, जागा.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "जे जळत नाही त्याचा वास येणं, हे मेंदूच्या एका ठरावीक कोपऱ्याचं बोलणं असतं. शब्दांचं कोठारही डावीकडे त्याच बाजूला." त्या बाबांकडे वळल्या. "आजच्या आज फोटो काढू."

फोटोत ते दिसलं. डाव्या कानाच्या आत, लिंबाएवढं, कडा धूसर. हळू वाढणारी गाठ. काढायला हवी; लवकर काढली तर बरंच निभावेल. पण ती शब्दांच्या वस्तीत होती. काढताना शेजारचं घर पडलं तर बोलणंच जाऊ शकतं. डॉक्टर हे सरळ आवाजात सांगत होत्या, आणि टिपकागदाच्या कानात एकच गोष्ट घुमत होती: सात कविता. लाल ठिपके दिलेल्या. वर्षभरापूर्वी ही रेघ काढली असती, तर लिंबाचं बोर असतं.

घरी येऊन तिने संपादकांना फोन केला. कविता मागे घेते म्हणाली, का तेही सांगितलं. ते म्हणाले, "ओळी तुमच्या वडिलांच्या आहेत ना? मग मला काय सांगता? त्यांना विचारा."

तिने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात जाऊन, फळीवरची एक बिजागरी हातात घेऊन नुसती बसली. बाबा एक फळी घासत होते. ते तिच्याकडे न बघताच बोलले.

"तुला वाटतंय, तू माझं काही चोरलंस."

"मी ऐकत होते बाबा. चोवीस तास ऐकत होते. आणि ऐकूच आलं नाही."

"तुला ऐकू येऊ नये म्हणूनच तर सगळा खटाटोप." त्यांनी हात थांबवला. "पहिल्यांदा ते गेलं. काटकोनाचं." त्यांनी हवेत काटकोन काढला. "तू शेजारी उभी होतीस. मी मागायला हात पुढे केला आणि तोंडात काही नाही. भोक. घाम फुटला मला. मग काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, 'ती काटकोनाची शपथ दे.' आणि तुझ्या तोंडावर जो उजेड पडला ना! पेन्सिल काढून लिहायला लागलीस. म्हटलं, चला, वेळ निभावली."

टिपकागदाच्या हातातली बिजागरी खाली पडली. बाबांनी वाकून उचलली.

"मग मी शहाणा झालो. शब्द सापडला नाही की ते... ती वस्तू कशासारखी आहे ते बघायचं, आणि जरा नटवून सांगायचं. तू लिहिणार, तुझी आई कौतुकाने बघणार. वेड्याला कवी म्हटलं की कुणी डॉक्टरकडे नेत नाही. तुझी पेन्सिल चालायला लागली की मला सुटल्यासारखं व्हायचं, पोरी."

म्हणजे वही नुसती आंधळी नव्हती. वहीनेच त्यांना लपायला जागा दिली होती.

"का नाही सांगितलंत?"

"सांगायला शब्द लागतात," बाबा म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. मग हसता हसता डोळे पुसले. "आणि त्या कविता छापायच्या तर छाप. पण खाली खरं नाव लिही. दाराचं कोपर म्हणजे काय ते, जे असेल ते. सुतारांनी वाचलं तर म्हणतील, बाप अडाणी होता."

शस्त्रक्रियेच्या तयारीला बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक तरुण बाई आल्या. बाबांनी तासाभरात त्यांना वाचाताई करून टाकलं. वाचाताईंनी टिपकागदाला बाजूला घेतलं.

"ऑपरेशनच्या मधल्या भागात आम्ही त्यांना जागं ठेवणार. घाबरू नका, मेंदूला स्वतःला दुखत नाही. मी चित्रं दाखवणार, ते नाव सांगणार. सर्जन एकेका जागेला विजेचा अगदी हलका स्पर्श करतील. स्पर्शासरशी बोलणं अडलं तर ती जागा कामाची. तिला हात लावायचा नाही. पुन्हा पुन्हा बोलणं नीट चाललं, तर तिथलं काढायचं."

"समजलं." तिने वह्या पुढे केल्या. "यात त्यांचे सगळे शब्द आहेत."

वाचाताईंनी मान हलवली. "हे गेलेले शब्द आहेत. यांचा मला काही उपयोग नाही. आधीच न येणाऱ्या वस्तूचं चित्र दाखवलं आणि ते अडले, तर मला काय कळणार, विजेने अडले की आजाराने? मला असलेले शब्द हवेत. तीन वेगवेगळ्या दिवशी विचारले तरी न अडखळता येणारे. माझ्याकडच्या ठरलेल्या ऐंशी चित्रांपैकी त्यांना एकतीसच पक्की आली. आणखी तेवढी तरी पाहिजेत. त्यांच्या रोजच्या जगातली."

चार वर्षं तिने जे मौल्यवान म्हणून निवडलं होतं, ते नेमकं पडझडीचं होतं. जे शाबूत होतं, ते तिने रोज संध्याकाळी चहाच्या कपाशेजारून उचलून डब्यात लोटलं होतं.

डबा!

गेल्या तीन महिन्यांच्या पट्ट्या तिने फरशीवर पसरल्या. आई शेजारी मांडी घालून बसली. एकीने वाचायचं, एकीने वस्तूचं नाव लिहायचं.

"'करवत दे.' कारखाना, सकाळी नऊ," टिपकागदाने वाचलं.

"करवत," आईने लिहिलं.

"'पाचर जरा आत ठोक.'"

"पाचर."

"'दोरी सैल झालीय.' 'हातोडा कुणी हलवला?' 'कुलूप लावलंस का?'"

"हे रोज विचारायचे मेले," आई म्हणाली. "मी म्हणायची, लावलं हो, शंभरदा काय विचारता!" आणि लिहिता लिहिता तिचा हात थांबला. "कुलूप आहे गं त्यांच्याकडे. अजून आहे."

एवढ्या साध्या, एवढ्या निरस ओळी. 'चहात साखर नाही.' 'खिडकी लाव.' हाही आहे. हाही उरलाय. चौऱ्याहत्तर शब्द निघाले. टिपकागदाने प्रत्येक वस्तू पांढऱ्या कापडावर ठेवून फोटो काढला. बाबांचीच करवत, मुठीला चिंधी बांधलेली; बाबांचंच कुलूप. पेन्सिलीचा फोटो काढायला पेन्सिल सापडेना, तर तिने खिशातली बोटभर होती तीच ठेवली.

वाचाताईंनी तीन दिवस परीक्षा घेतली. बावन्न पक्के. एकतीस आणि बावन्न. "पुरे," त्या म्हणाल्या. "भरपूर झाले."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी बाबांचं डोकं भादरलेलं होतं. "रंध... ती होडी फिरली डोक्यावरून," ते म्हणाले. अर्धा शब्द आला आणि गेला. तिघांनीही ऐकलं. दार मिटताना टिपकागदाची नजर आपोआप बिजागरीवर गेली.

बाहेर बाकावर दोघी बसल्या. आई कुलूप-किल्लीची जोडी हातात धरून होती, कशाला ते तिलाही माहीत नव्हतं. टिपकागदाने पट्टी काढली नाही. लोक बोलत होते. एक म्हातारा कुणाला तरी काहीतरी सुरेख सांगत होता. ते तिच्या कानावरून पाण्यासारखं वाहून गेलं.

दुपारी दार उघडलं. आधी सर्जन आले, थोडक्यात बोलले. गाठ बहुतेक निघाली. मागच्या बाजूचा एक तुकडा ठेवला; तिथे शब्द होते. गेलेल्यांपैकी काही परत येतील, काही नाही. किती, ते सहा महिन्यांनी. सध्या जागे आहेत, बोलतायत, चुकत-माकत.

आईने तोंडाला पदर लावला.

मग वाचाताई आल्या. टोपीखालून घामाची बट कपाळावर आलेली. त्यांच्या हातात एक तक्ता होता. "हा फायलीला लागतो," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही आधी बघाल, असं वाटलं."

टिपकागदाने तक्ता घेतला आणि तिला धक्का बसला. ही तिचीच पद्धत होती. वेळ. चित्र. काय म्हणाले, जसंच्या तसं. कुठली जागा.

करवत. पाचर. कुलूप. दोरी. खिडकी. साखर. हातोडा. खाली, खाली, खाली. कुठे नटवणं नाही, कुठे उपमा नाही. उघड्या मेंदूने, डोळे उघडे ठेवून, एक सुतार आपल्या वस्तूंना त्यांच्या नावाने हाका मारत होता, आणि प्रत्येक नाव ओ देत होतं. एवढ्या चांगल्या ओळी तिने आजवर कधी वेचल्या नव्हत्या.

दहा सत्तेचाळीसला ओळ तुटली होती. चित्र: पेन्सिल. उत्तराच्या जागी रेघ.

"हीच ती जागा," वाचाताई म्हणाल्या. "स्पर्श झाला आणि ते थांबले. चित्राकडे बघतायत, तोंड उघडं, काही नाही. मी मोजत होते. चार सेकंद. स्पर्श काढला. आणि पेन्सिल म्हणायच्या आधी ते दुसरंच काहीतरी म्हणाले. मला कळलं नाही, पण लिहिलंय बघा. सर्जन तिथेच थांबले. तो ठेवलेला तुकडा तोच."

रेघेखाली बारीक अक्षरात होतं: 'टिपकागदाला विचारा.' त्याखाली: 'पेन्सिल.' त्यापुढे बरोबरची खूण.

"काय गं?" आई कासावीस होऊन विचारत होती. "काय म्हणाले ते?"

टिपकागदाने खिशातून पट्टी काढली. पेन्सिल काढली, तीच, बोटभर. गुडघ्यावर पट्टी ठेवून जसंच्या तसं लिहिलं आणि खाली दिवस, वेळ, जागा, कोण, काय करता करता. आईला वाचून दाखवलं. मग ती पट्टी हातात धरून बसून राहिली. संध्याकाळी ही वहीत जाणार की डब्यात, हे चार वर्षांत पहिल्यांदाच तिला ठरवता येईना.